फ्लॅटमध्ये 20 बॅटरी सेन्सर बसवायचे आहेत: झिगबी घ्यायचं की वाय-फाय?

दार-खिडकीचे 8, हालचाल ओळखणारे 4, तापमान-आर्द्रतेचे 4 आणि पाणीगळतीचे 4 असे 20 सेन्सर एका टू-बीएचकेमध्ये सहज होतात. सगळे बॅटरीवर चालणारे. दुकानात दोन्ही प्रकारचे दिसतात: वाय-फायवाले, जे घरातल्या राउटरला थेट जोडले जातात, आणि झिगबीवाले, जे झिगबी नावाच्या स्वतंत्र रेडिओ जाळ्यावर बोलतात आणि ज्यांना त्यासाठी एक वेगळा हब किंवा डाँगल लागतो. वाय-फायचे स्वस्त आणि सोपे वाटतात, कारण जादा काही घ्यावं लागत नाही. दोन-तीन सेन्सरच हवे असतील तर ते खरंही आहे. पण 20 सेन्सर बॅटरीवर चालवायचे असतील तर झिगबीच घ्या. ते का, आणि घेतल्यावर कसं बसवायचं, हे पुढे क्रमाने दिलं आहे.

आधी बॅटरीचा हिशेब

वाय-फायचा सेन्सर बराच वेळ झोपलेला असतो. दार उघडलं की तो जागा होतो, राउटर शोधतो, पासवर्डची देवाणघेवाण करतो, आयपी पत्ता मागतो, सर्व्हरशी जोडणी करतो आणि मग कुठे "दार उघडलं" एवढा एक निरोप पाठवतो. या सगळ्याला 2 ते 4 सेकंद लागतात आणि त्या काळात तो सरासरी 80 मिलिअँपिअरच्या आसपास करंट खातो. मधले झटके त्याच्या दुपटीहून मोठे असतात.

3 सेकंद धरले तर एका निरोपाला सुमारे 0.067 एमएएच लागतात. मुख्य दार दिवसात 30 वेळा उघडलं आणि बंद झालं तर 60 निरोप, म्हणजे 4 एमएएच. झोपेतला खर्च धरून साडेचार. दोन एएए सेलची क्षमता साधारण 1000 एमएएच असते, म्हणजे कागदावर सात महिने. प्रत्यक्षात त्याहून कमी, कारण सेल अर्धवट उतरला की त्याचा व्होल्टेज करंटच्या झटक्याला कोसळतो आणि सेलमध्ये जीव शिल्लक असतानाच सेन्सर बंद पडतो. तापमानाचा सेन्सर दर 5 मिनिटांनी निरोप पाठवत असेल तर दिवसाला 288 निरोप, 19 एमएएच, आणि दोन महिन्यांच्या आत सेल संपलेले. म्हणूनच वाय-फायचे तापमान सेन्सर अर्ध्या-एक तासाने एकदाच आकडा कळवतात. बाथरूममध्ये गरम पाणी सुरू झाल्यावर एक्झॉस्ट लावायचा असेल तर असा सेन्सर निरुपयोगी आहे.

झिगबीचा सेन्सर जाळ्यात एकदा सामील झाला की जागं झाल्यावर ओळखपाळख करत बसत नाही. आपल्या जवळच्या "पालक" उपकरणाला तो थेट निरोप देतो, पोच घेतो आणि झोपतो. काम काही मिलिसेकंदांचं, करंट 10 मिलिअँपिअरच्या आसपास. त्यामुळे त्याला सीआर2032 सारखा 220 एमएएचचा बटण सेलही पुरतो आणि वर्ष-दोन वर्षं चालतो. वाय-फायचे झटके हा बटण सेल झेलूच शकत नाही.

20 सेन्सरांच्या घरात याचा अर्थ असा: सेन्सरमागे पाच महिने धरले तर वाय-फायवाल्या घरात सरासरी दर आठवड्याला एक सेन्सर सेल मागणार. झिगबीच्या घरात दीड-पावणेदोन वर्षं धरली तर महिन्याला एक. शिवाय वाय-फायवर दार उघडल्यापासून दिवा लागेपर्यंत ते 2 ते 4 सेकंद जातातच. अंधाऱ्या पॅसेजमधून माणूस तोवर पलीकडे गेलेला असतो.

वाय-फाय कुठे योग्य? जिथे प्लगमधून वीज मिळते तिथे, आणि जिथे सेन्सर वर्षातून क्वचितच बोलणार आहे तिथे. वॉशिंग मशीनखाली एकच गळती सेन्सर हवा असेल तर त्याच्यासाठी हब घेऊ नका. मात्र राउटर बदलला किंवा वाय-फायचा पासवर्ड बदलला की प्रत्येक वाय-फाय सेन्सर हातात घेऊन पुन्हा जोडावा लागतो, हे लक्षात ठेवा. झिगबीचं जाळं वाय-फायपासून स्वतंत्र असतं, त्याला या बदलाचा पत्ताही लागत नाही.

झिगबीच्या जाळ्यात कोण काय करतं

तीनच भूमिका आहेत. कोऑर्डिनेटर एकच असतो: हबच्या आत असतो किंवा यूएसबी डाँगलच्या रूपात. तोच जाळं तयार करतो. रिपीटर म्हणजे कायम विजेवर असलेलं झिगबी उपकरण, जे दुसऱ्यांचे निरोप पुढे पोचवतं. आणि झोपणारी उपकरणं म्हणजे आपले बॅटरी सेन्सर. ते कुणाचाही निरोप पुढे नेत नाहीत. त्यामुळे दाराचा सेन्सर आणि कोऑर्डिनेटर यांच्या मध्ये आणखी पाच बॅटरी सेन्सर लावले तरी रेंज तसूभरही वाढत नाही.

नवख्यांचा आणखी एक हमखास गोंधळ: बाजारात मिळणारा वाय-फाय रिपीटर किंवा मेश झिगबीची रेंज वाढवत नाही. झिगबीला झिगबीचाच रिपीटर लागतो.

कोऑर्डिनेटर किती सेन्सर थेट सांभाळू शकतो यालाही मर्यादा आहे. सीसी2652 चिपच्या डाँगलवर सध्याच्या प्रचलित फर्मवेअरने सुमारे 50, तर जुन्या सीसी2531 वर जेमतेम 20. म्हणजे आपल्या 20 सेन्सरांना संख्येसाठी रिपीटर लागत नाहीत, भिंतींसाठी लागतात. गेल्या काही वर्षांतल्या पुण्या-मुंबईतल्या बहुतेक टॉवरमध्ये भिंती विटांच्या नसून अॅल्युमिनिअमच्या साच्यात ओतलेल्या काँक्रीटच्या असतात, ज्याला सगळे मायवन म्हणतात. त्यात सळयांची जाळी असते. विटांच्या जुन्या इमारतीत दोन भिंती ओलांडणारा सिग्नल इथे दुसऱ्या भिंतीशीच दम तोडतो. म्हणून मायवन घरात हिशेब असा धरा: कुठल्याही सेन्सरपासून जवळचा रिपीटर किंवा कोऑर्डिनेटर एका भिंतीपलीकडे नको.

पायरी 1: कोऑर्डिनेटरची जागा

नेहमीची चुकीची जागा ठरलेली असते. इंटरनेटची वायर हॉलमध्ये टीव्हीमागे येते, तिथेच राउटर, तिथेच छोटा संगणक, आणि त्याच्या मागच्या निळ्या यूएसबी पोर्टमध्ये खोचलेला डाँगल. यात तीन चुका एकत्र आहेत. निळा पोर्ट यूएसबी 3 चा असतो, आणि यूएसबी 3 चं काम चालू असताना त्यातून नेमका 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट बाहेर पडतो, म्हणजे झिगबी जिथे ऐकतं तिथेच. शेजारचा वाय-फाय राउटर त्याच पट्ट्यात ओरडत असतो. आणि टीव्हीचा धातूचा पत्रा अर्धं घर झाकून टाकतो.

उपाय स्वस्त आहे. यूएसबी 2 ची 2 ते 3 मीटरची एक्स्टेन्शन केबल घ्या, डाँगल काळ्या म्हणजे यूएसबी 2 च्या पोर्टला लावा, आणि केबलने तो हॉल आणि पॅसेज जिथे मिळतात त्या कोपऱ्यापर्यंत न्या. जमिनीपासून 4 ते 5 फूट उंच, अँटेना उभी, राउटरपासून किमान 1 मीटर दूर, 2 मीटर मिळाले तर उत्तम. 5 मीटरहून लांब साधी यूएसबी केबल वापरू नका. तेवढं अंतर लागत असेल तर लॅन केबलवर चालणारा कोऑर्डिनेटर घ्या. तो घराच्या मध्यात हवा तिथे लावता येतो.

नव्या फ्लॅटमध्ये दाराजवळ इंटरनेट-टीव्हीच्या वायरींसाठी एक पत्र्याची पेटी दिलेली असते. हब त्यात ठेवण्याचा मोह आवरा. पेटीचं झाकण बंद केलं की निम्मे सेन्सर गायब होतात.

पायरी 2: चॅनेल, आणि तो एकदाच

झिगबीचे चॅनेल 11 ते 26 आहेत. वाय-फायचे आकडे वेगळे, पण पट्टा तोच. इमारतीतले बहुतेक राउटर वाय-फायच्या 1, 6 किंवा 11 वर असतात, आणि यातला प्रत्येक चॅनेल झिगबीचे चार चॅनेल व्यापतो. झिगबीचे 15, 20 आणि 25 या तिघांच्या फटीत बसतात. सुरुवात 25 पासून करा, कारण तो वाय-फाय 11 च्याही वरच्या बाजूला मोकळा असतो. 26 आणखी वर आहे, पण काही उपकरणं त्यावर कमी ताकदीने बोलतात किंवा जोडलीच जात नाहीत.

एक अडचण इथे येते. भारतात वाय-फायला 12 आणि 13 चॅनेलही खुले आहेत, आणि "ऑटो" वर ठेवलेला राउटर कधीकधी 13 वर जाऊन बसतो. तो थेट झिगबी 25 वर येतो. म्हणून फोनवर वाय-फाय अॅनलायझर अॅप घेऊन आधी घरभर फिरून बघा. 12-13 वर शेजाऱ्याचा जोरदार सिग्नल असेल तर झिगबीसाठी 15 किंवा 20 मधला जो शांत असेल तो घ्या. आपल्या राउटरचा 2.4 गिगाहर्ट्झ चॅनेल ऑटोवरून काढून 1 वर पक्का करा आणि रुंदी 20 मेगाहर्ट्झ ठेवा. 40 वर ठेवला तर तो अर्धा पट्टा गिळतो.

डाँगलमार्फत जाळं सांभाळण्यासाठी संगणकावर झिगबी2एमक्यूटीटी हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर पहिल्यांदा सुरू करण्याआधीच `configuration.yaml` मध्ये हे लिहा:

```yaml
advanced:
  channel: 25
  network_key: GENERATE
  pan_id: GENERATE
  last_seen: ISO_8601
```

सेन्सर जोडून झाल्यावर चॅनेल बदलला तर विजेवरची उपकरणं बहुधा मागोमाग येतात, झोपलेले बॅटरी सेन्सर मात्र बरेचदा येत नाहीत आणि एकेक पुन्हा जोडावा लागतो. म्हणून इथे अर्धा तास जास्त घालवा.

पायरी 3: रिपीटर कोणते आणि कुठे

आपल्या टू-बीएचकेला तीन रिपीटर पुरतात: एक स्वयंपाकघरात, एक मोठ्या बेडरूममध्ये, एक लहान बेडरूममध्ये. हॉल आणि पॅसेज कोऑर्डिनेटर सांभाळतो. प्रत्येक रिपीटर कोऑर्डिनेटरला थेट ऐकू येईल किंवा किमान दुसऱ्या रिपीटरला, एवढं पाहा. स्वयंपाकघरातला फ्रिजमागच्या सॉकेटमध्ये नको, ओट्याच्या वरच्या सॉकेटमध्ये हवा. फ्रिज म्हणजे पत्र्याची भिंत.

आपल्या घरांत रिपीटर बंद पडण्याचं सर्वांत मोठं कारण सॉकेटजवळचं बटण आहे. कुणी झाडताना, कुणी मिक्सर लावताना, कुणी गावाला जाताना सवयीने ते बंद करतं. स्मार्ट बल्बचं तेच: भिंतीवरचं बटण बंद केलं की बल्ब जातो आणि त्याच्या भरवशावर असलेले सेन्सरही. म्हणून बल्बला रिपीटर मानून आखणी करू नका. यूएसबीवर चालणारा रिपीटर जुन्या मोबाइल चार्जरवर लावणं सर्वांत सोयीचं, आणि तो चार्जर अशा सॉकेटमध्ये घाला ज्याचं बटण कपाटामागे किंवा पडद्यामागे आहे. ते शक्य नसेल तर बटणावर चिकटपट्टी लावा. पट्टी दिसायला बरी नाही, पण काम करते.

स्विचबोर्डात बसणारं झिगबी मॉड्यूलही रिपीटर होऊ शकतं, पण त्याला न्यूट्रल वायर लागते. न्यूट्रलशिवाय चालणारी मॉड्यूल सहसा रिपीटरचं काम करत नाहीत. आणि भिंतीतला बॉक्स पत्र्याचा असेल, जो आपल्याकडे बरेचदा असतोच, तर सिग्नल फक्त समोरच्या प्लॅस्टिकच्या प्लेटमधून बाहेर पडतो. त्याच खोलीपुरता तो चालेल, भिंतीपलीकडची आशा धरू नका. ही वायरिंग वायरमनकडूनच, मेन बंद करून.

इन्व्हर्टर असेल तर कोऑर्डिनेटर आणि तिन्ही रिपीटर इन्व्हर्टरच्या लाइनवर ठेवा. नाहीतर वीज गेली की कोऑर्डिनेटर चालू आणि रिपीटर बंद अशी स्थिती होते, सेन्सर आपला पालक शोधत वारंवार हाका मारतात आणि त्या धडपडीत सेल उतरतात.

पायरी 4: जोडण्याचा क्रम

आधी तिन्ही रिपीटर, त्यांच्या कायमच्या जागी. मग एक दिवस थांबा, त्यांना आपापसातले मार्ग ठरवू द्या. सेन्सर त्यानंतरच.

सेन्सर टेबलावर सगळे एकत्र जोडून मग घरभर लावू नका. टेबलावर जोडलेला सेन्सर कोऑर्डिनेटरला चिकटतो आणि बेडरूममध्ये नेल्यावरही त्यालाच धरून बसतो. शाओमी-अकाराच्या जुन्या सेन्सरांची यात ख्याती आहे: पालक बदलायची त्यांना इच्छाच नसते. म्हणून प्रत्येक सेन्सर जिथे राहणार आहे तिथे उभं राहून जोडा. झिगबी2एमक्यूटीटीमध्ये `Permit join` च्या यादीतून त्या खोलीतला रिपीटर निवडता येतो, म्हणजे सेन्सर त्याच्यामार्फतच आत येतो. जोडताना सेन्सर मध्येच झोपला आणि अर्धवट राहिला तर त्याचं बटण दर सेकंदाला एकदा हलकं दाबत राहा, तो जागा राहतो.

लोखंडी सेफ्टी डोअर

याला वेगळी जागा द्यायलाच हवी, कारण दाराचा सेन्सर सर्वांत जास्त इथेच बिघडतो. या सेन्सरचे दोन भाग असतात: अँटेना आणि सेल असलेला मोठा भाग, आणि नुसतं चुंबक असलेला छोटा. मोठा भाग लोखंडावर चिकटवला की अँटेनाचा सूर बिघडतो आणि रेंज एकदम घटते. चुंबक लोखंडावर लावलं की त्याचा प्रभाव लोखंडातच वळतो, आणि एरवी दीड-दोन सेंटिमीटरवरून ओळखणारा सेन्सर अर्ध्या सेंटिमीटरवरही दार "उघडं" दाखवतो.

मोठा भाग लाकडी चौकटीवर लावा. छोटा भाग लोखंडावरच लावावा लागत असेल तर मध्ये 5 मिलिमीटर जाडीचा प्लॅस्टिक, अॅक्रिलिक किंवा लाकडाचा तुकडा ठेवा. दार बंद असताना दोन्हींत 1 सेंटिमीटरपेक्षा कमी फट हवी. चिकटवण्याआधी दोन्ही भाग हातात धरून दार हळूहळू उघडून पाहा, कुठल्या अंतरावर सेन्सरचा दिवा लुकलुकतो ते कळतं. मग पावसाळ्यात फुगणाऱ्या दारासाठी थोडी सवलत ठेवून जागा पक्की करा.

काही बिघडलं हे कसं ओळखायचं

बॅटरी सेन्सर गप्प आहे म्हणजे तो मेला असं नाही. बंद खिडकीच्या सेन्सरला सांगण्यासारखं काही नसतं. बरेच सेन्सर तासाभरातून एकदा "मी आहे" एवढंच कळवतात. झिगबी2एमक्यूटीटीही बॅटरी उपकरणाला 25 तास गप्प राहिल्यावरच गैरहजर धरतं. म्हणून `last_seen` ची वेळ बघा. दोन-तीन तास जुनी असेल तर काळजी नको, दिवस उलटला असेल तर चौकशी करा.

चौकशीची पहिली पायरी: गप्प झालेला सेन्सर एकटा आहे की चार-पाच एकदम? चार-पाच सेन्सरांची शेवटची वेळ एकमेकांच्या जवळपास असेल तर त्यांचा समाईक पालक, म्हणजे एखादा रिपीटर, त्या सुमारास बंद झाला आहे. झिगबी2एमक्यूटीटीतल्या जाळ्याच्या नकाशात कोण कुणाला जोडलेलं आहे ते दिसतं. त्या खोलीत जा आणि बटण बघा. रिपीटर पुन्हा चालू केल्यावर बहुतेक सेन्सर तास-दोन तासांत परततात. जे परतत नाहीत ते त्यांच्या जागेवरच पुन्हा जोडा. यादीतून काढून टाकायची गरज नाही, न काढता जोडले तर नाव आणि ऑटोमेशन तसंच राहतं.

एकटाच सेन्सर वारंवार हरवत असेल तर त्याचा `linkquality` बघा. हा आकडा 0 ते 255 असतो, पण वेगवेगळ्या चिपा तो वेगवेगळ्या पद्धतीने मोजतात, त्यामुळे दुसऱ्याच्या घरातल्या आकड्याशी तुलना करून उपयोग नाही. आपल्याच घरातल्या त्याच जातीच्या सेन्सरांशी तुलना करा. बाकीचे 100 च्या वर आणि हा 30 वर असेल तर सेन्सर एक-दोन फूट हलवून बघा. काँक्रीटच्या घरात एवढ्यानेही आकडा दुप्पट होतो. फरक पडला नाही तरच चौथा रिपीटर घ्या.

आणि सेल लवकर संपत असतील तर आधी सेलवर संशय घ्या, मग जाळ्यावर. पत्ता-पाकिटाविना सुटे मिळणारे सीआर2032 बरेचदा कपाटात वर्षानुवर्षं पडलेले असतात. चांगल्या कंपनीचा, छापील मुदत असलेला सेल घालूनही तोच सेन्सर दोन-तीन महिन्यांत सेल मागत असेल, तर त्याचे निरोप पहिल्या प्रयत्नात पोचत नाहीत आणि तो पुन:पुन्हा पाठवतो आहे. सेन्सर बदलण्याआधी त्याच्या खोलीतला रिपीटर तीन-चार फूट जवळ आणा.